कॉइल, मेणबत्ती, थोटूक : झोपण्याआधीची एक फेरी

३१ मार्च २०२३ ची सकाळ. दिल्लीच्या शास्त्री पार्क वस्तीतल्या एका घरातून नऊ जणांना दवाखान्यात नेलं गेलं. त्यातले सहा जण मरण पावले होते. त्यात दीड वर्षाचं एक लेकरूही होतं. पोलिसांनी सांगितलेलं कारण असं, की डासांसाठी रात्री लावलेली कॉइल पेटती असतानाच गादीवर पडली. दारं-खिडक्या लावलेल्या होत्या. गादी धुमसत राहिली, खोलीत विषारी धूर साठला, झोपलेली माणसं बेशुद्ध झाली आणि गुदमरली.

ही बातमी आम्ही वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत सांगतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "ताई, घर पेटलं तर माणूस उठणार नाही का? चटका तर बसेल की!" प्रश्न बरोबर आहे, कारण आग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. पण कॉइल, बिडी-सिगारेटचं थोटूक आणि कापसाची गादी यांची आग बहुतेक वेळा ज्वाळेनं सुरूच होत नाही. ती आतल्या आत धुमसते. चटका बसायच्या आधी धूर आपलं काम करून जातो.

असाच प्रकार आपल्या शेजारीही घडला. ३ एप्रिल २०२४ ला पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्याच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा जीव गेला. त्या आगीचं कारण कॉइल नव्हतं. पण ज्वाळा त्या कुटुंबापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, माणसं धुरानं गुदमरून गेली, असं पोलिसांनी सांगितलं. जालन्याहून तासा-दीड तासावरची ही घटना आहे. म्हणून या लेखात आम्ही आगीपेक्षा धुराबद्दल जास्त बोलणार आहोत, आणि तो धूर सुरूच होऊ नये म्हणून रात्री झोपण्याआधी घरात मारायच्या एका छोट्या फेरीबद्दल.

एका घरातली रात्र

जालना शहरातल्या एका वस्तीत आम्ही पाहिलेलं घर. नाव-गाव सांगत नाही, पण घर तुमच्या-आमच्यासारखंच. दहा बाय बाराची एक खोली, वर पत्रा. एक लोखंडी पलंग, त्यावर आजी आणि दोन नातवंडं. खाली जमिनीवर सून आणि तिचा नवरा. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, म्हणजे रात्री बारानंतर घरी येणार. दाराला आणि मोरीला जुन्या साडीचे पडदे.

डास पलंगाखालून येतात म्हणून सुनेनं कॉइल पलंगाखालीच ठेवली. पाकिटातला पत्र्याचा स्टँड कधीच हरवलेला. म्हणून कॉइल एका उपड्या वाटीच्या कडेवर टेकवलेली. दहाला सगळे झोपले. झोपेत धाकट्यानं पाय झाडले, गोधडी पलंगावरून खाली लोंबली आणि तिचं टोक कॉइलला लागलं. गोधडीतून विस्तव पलंगाच्या कडेनं गादीत शिरला.

सव्वाबाराला नवरा घरी आला. दार उघडताच त्याला जळकट वास आला. दिवा लावून पाहिलं तर गोधडीचं टोक काळं झालेलं आणि गादीच्या कडेला रुपयाएवढं भोक. त्यानं गोधडी मोरीत टाकली, गादीवर तांब्याभर पाणी ओतलं, हात फिरवून पाहिला. वरून गार लागली. लेकरं उठू नयेत म्हणून त्यांना खाली घेतलं, गादीची गुंडाळी करून कोपऱ्यात कपड्यांच्या गाठोड्याजवळ उभी केली आणि सगळे पुन्हा झोपले. डास येतील म्हणून दार-खिडकी लावलेलीच होती.

पहाटे चारच्या सुमारास आजीला खोकल्याची उबळ आली म्हणून जाग आली. खोलीत धूर दाटलेला. आजीनं ओरडून सगळ्यांना उठवलं. सून उठायला गेली तर तिला चक्कर आली. नवऱ्यानं लेकरांना ओढत बाहेर आणलं. धाकट्याला दोन उलट्या झाल्या. सगळ्यांचं डोकं ठणकत होतं. शेजाऱ्यांनी गादी ओढून बाहेर टाकली, आणि उघड्यावरचा वारा लागताच तिनं पेट घेतला. ती अजून दहा मिनिटं घरात राहिली असती तर गाठोडं आणि पडदा पेटायला वेळ लागला नसता.

दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेली गादी फाडून पाहिली. वरचं भोक रुपयाएवढंच होतं. आत मात्र परातीएवढी पोकळी झाली होती, सगळा कापूस काळा पडलेला. तांब्याभर पाणी वरच्या कापडात आणि कापसाच्या पहिल्या थरात जिरलं होतं. आतला विस्तव कोरडाच राहिला आणि चार तास हळूहळू पुढे सरकत गेला.

विस्तव गादीत कसा जगतो

कॉइल म्हणजे लाकडाचा किंवा नारळाच्या करवंटीचा भुसा, डिंकासारखं चिकट पीठ आणि थोडं कीटकनाशक. तिला ज्वाळा नसते, फक्त टोकाला लाल विस्तव असतो. म्हणून ती आपल्याला निरुपद्रवी वाटते. पण ते लाल टोक काही शे अंश तापलेलं असतं, आणि एक अख्खी कॉइल साधारण आठ तास जळते. म्हणजे आपण झोपेत असतो तो सगळा वेळ घरात विस्तव जागा असतो. बिडीचं किंवा सिगारेटचं थोटूकही तसंच. विझल्यासारखं दिसतं, पण राखेखाली लाल असतं.

हा विस्तव उघड्या फरशीवर पडला तर विझून जातो. कापसावर पडला तर विझत नाही. कापूस भुसभुशीत असतो, त्याच्या धाग्याधाग्यांत हवा असते. विस्तवाला जगायला तेवढी हवा पुरते, पण ज्वाळा उठायला पुरत नाही. म्हणून तो आत आत सरकत जातो. चिंध्या भरलेली वाकळ, कापसाची उशी, गादी, घडी करून ठेवलेल्या गोधड्या, सगळ्यांत हेच होतं. कधी ही धग पहाटेपर्यंत नुसती धुमसते. कधी मध्येच मोकळी हवा मिळते, कोणी गादी उचलतं, पंख्याचा वारा थेट लागतो, आणि ती एकदम भडकते.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन, कुठेही जा, वेचणीच्या दिवसांत कापूस घरातच असतो. भाव चढेल म्हणून महिना-दोन महिने तो खोलीत भरून ठेवतात आणि त्याच्याच कडेला माणसं झोपतात. त्या खोलीत कॉइलही नको आणि बिडीही नको. ढिगात ठिणगी गेली तर वरून काहीच दिसत नाही. विझवल्यावरही आतून पुन्हा पेटतो म्हणून ढीग उपसून पसरावा लागतो, हे जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा.

मेणबत्तीचं गणित वेगळं. तिला उघडी ज्वाळा असते. तिच्यापासून पडदा, साडी, मच्छरदाणी, कागद लगेच पेटतं. सुती पडदा भरभर जळतो. पॉलिस्टरचा पडदा आणि नायलॉनची मच्छरदाणी आधी वितळते आणि तिचे पेटते थेंब खालच्या अंथरुणावर गळतात. म्हणजे विस्तव गादीत चोरासारखा शिरतो आणि ज्वाळा पडद्यावर उघड चढते. पण दोन्हींची वेळ एकच, आपण झोपल्यानंतरची.

झोपलेल्या माणसाला धूर का उठवत नाही

कापूस अर्धवट जळतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जो वास येतो तो कापडाचा आणि धुराचा असतो, आणि गाढ झोपेत नाक आपल्याला उठवेल याची खात्री धरता येत नाही. हा वायू श्वासातून रक्तात जातो आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटतो, तोही ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट. मग छाती वरखाली होते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही.

आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, उलटी, पायात बळ न राहणं. जागा माणूस यावरून सावध होतो. झोपलेला माणूस मात्र झोपेतूनच बेशुद्धीत जातो. लहान मुलं भराभर श्वास घेतात, म्हणून त्यांना आधी बाधतं. दारू पिऊन झोपलेल्या माणसाला उठायला आणखी उशीर होतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त धोका असतो. आई "मला बरं वाटतंय" म्हणाली तरी तिला दवाखान्यात न्यायलाच हवं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती कित्येकांना ठाऊक नसते. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र करोनापासून सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. या विषबाधेत ते यंत्र फसतं. ते वायू चिकटलेल्या पेशीलाही ऑक्सिजनची पेशी समजतं आणि ९७-९८ आकडा दाखवतं. वर सांगितलेल्या घरातल्या सुनेचा आकडाही ९८ होता आणि तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा : "बंद खोलीत धूर होता, आम्ही त्यात झोपलो होतो." एवढं ऐकलं की डॉक्टर यंत्राच्या आकड्यावर थांबत नाहीत. मास्कनं भरपूर ऑक्सिजन देणं हाच यावरचा पहिला उपचार आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा कमी व्हायला चार-पाच तास लागतात, ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

फेरी कोणी मारायची

आता फेरीकडे येऊ. ही फेरी दोन मिनिटांची आहे. पण ती कोणी मारायची यावरच बहुतेक घरांत चूक होते. घरातली बाई भांडी घासून, दार लावून, सगळं पाहून झोपते, आणि आपल्याला वाटतं झालं. त्यानंतर नवरा पाळीवरून येतो, दारात बसून बिडी ओढतो. मुलगा अभ्यासाला मेणबत्ती लावतो. सासरे पहाटे उठून एक सिगारेट पेटवतात. बाईची फेरी दहाला संपलेली असते आणि विस्तव बाराला घरात येतो.

म्हणून नियम एकच, सगळ्यात शेवटी झोपणारा माणूस फेरी मारेल. तो बाप असो, कॉलेजातला मुलगा असो की पाळीवरून आलेला भाऊ. आणि फेरीनंतर कोणी काही पेटवलं, तर त्यानंच पुन्हा फेरी मारायची. त्या घरात आता हेच ठरलं आहे. बाराला आलेला नवरा जेवण झाल्यावर फेरी मारून मगच दिवा घालवतो.

पहिला थांबा : कॉइल

सगळ्यात चांगलं म्हणजे झोपताना कॉइल जळतच नसावी. त्यासाठी अख्खी कॉइल लावू नका. तिचा तुकडा मोडा. अख्खी आठ तास जळते, तर तिच्या पाव लांबीचा तुकडा साधारण दोन तास जळेल. पहिल्या दिवशी घड्याळ लावून पाहा, म्हणजे तुमच्या कॉइलचा अंदाज येईल. संध्याकाळी सातला डास घरात शिरतात तेव्हा तुकडा दाराजवळ लावा, नऊ-दहाला तो संपलेला असेल. मग रात्रीसाठी मच्छरदाणी.

मोडलेला तुकडा टेकवायचा कशावर, हा खरा प्रश्न. वाटीच्या कडेवर, काडेपेटीत खोचून, खिडकीच्या फटीत अडकवून ठेवलेला तुकडा जळत जळत हलका होतो, तोल जातो आणि पेटतं टोक खाली पडतं. म्हणून तुकडा जिथे पडेल ती जागाच न जळणारी करा. जुनी स्टीलची परात किंवा पसरट ताट घ्या, त्यात बोटभर वाळू किंवा माती घाला आणि तुकडा मातीत आडवा टेकवा, फक्त पेटतं टोक आणि त्यापुढचा जळायचा भाग मातीच्या वर राहील असा. प्लास्टिकचं झाकण, पुठ्ठा, लाकडी पाट याला चालणार नाही.

ताट अंथरुणापासून, पडद्यापासून, लोंबत्या गोधडीपासून दोन हात लांब ठेवा. पलंगाखाली कधीच नाही. पंख्याच्या थेट वाऱ्यातही नाही, कारण वाऱ्यानं टोक जास्त तापतं आणि ठिणगी उडते. खोली लहान असेल आणि दोन हात जागा निघतच नसेल, तर ताट उंबऱ्याबाहेर ठेवा. शेवटी झोपणारा माणूस ताट पाहील. तुकडा जळत असेल तर टोक मातीत खुपसेल, वर चमचाभर पाणी टाकेल आणि ताट बाहेर नेईल.

हे फक्त आगीसाठी नाही. बंद खोलीत कॉइलचा धूर स्वतःच छातीला वाईट असतो. एक कॉइल जळून जितके बारीक धूलिकण हवेत येतात, तितके ७५ ते १३७ सिगारेटींमधून येतात, असं एका अभ्यासात आढळलं होतं. दम्याच्या लेकराच्या उशाशी ती रात्रभर ठेवू नका. आणि डेंग्यूच्या भीतीनं कोणी रात्रभर कॉइल जाळत असेल तर त्याला सांगा, डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो. त्याचा बंदोबस्त रांजण आणि टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करून होतो.

दुसरा थांबा : मेणबत्ती

मेणबत्ती आपल्या घरात दोन कारणांनी लागते, वीज गेली म्हणून आणि वंदनेला. वीज गेल्यावर लावलेली मेणबत्ती लोक मेणाचा थेंब पाडून त्यावर चिकटवतात, टीव्हीवर, कपाटावर, प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर. वीज आली की दिवा लागतो, मेणबत्ती विसरली जाते. ती तळापर्यंत जळते, वात वितळलेल्या मेणात आडवी पडते आणि खालचं प्लास्टिक पेटतं. म्हणून मेणबत्ती नेहमी स्टीलच्या खोलगट वाटीत लावा, वाटीत तळाला थोडं पाणी ठेवा. पडली तर पाण्यात पडेल. आणि शक्य असेल त्या घरानं चार्जिंगची बॅटरी घ्यावी. मोबाइलच्या उजेडातही रात्रीचं काम भागतं.

वंदनेच्या जागी प्रतिमेला हार असतो, मागे कापड असतं, बाजूला प्लास्टिकची फुलं आणि कॅलेंडर. भिंतीवरच्या त्या छोट्या फळीवर जागा कमी आणि वर दुसरी फळी. ज्वाळेची गरम हवा सरळ वर जाते, म्हणून मेणबत्तीच्या वर हातभर जागा मोकळी लागते. बुद्धपौर्णिमेला, ६ डिसेंबरला आपण जास्त मेणबत्त्या लावतो. तेव्हा त्या फळीवर न लावता खाली फरशीवर परातीत लावा.

आम्हाला एका आजींनी विचारलं होतं, "वंदनेची मेणबत्ती फुंकून विझवायची का गं बाई? बरं दिसत नाही ते." आम्ही म्हणालो, आजी, वंदना झाली, तिचं काम झालं. घर पेटू नये म्हणून विझवली तर त्यात कसला अनादर? फुंकायची नसेल तर वर एक वाटी उपडी घाला, हवेविना ती आपोआप विझते. आजी आता रोज वाटी उपडी घालतात. शेवटी झोपणारा माणूस वात काळी झालेली पाहील, तिच्यातून धूर निघत नाही ना तेही पाहील. अगरबत्तीची राख आणि उरलेली काडीही त्याच वेळी पाण्यात बुडवेल.

तिसरा थांबा : थोटूक

हा थांबा सगळ्यात अवघड, कारण इथे माणसाला बोलावं लागतं. सून सासऱ्यांना "अंथरुणात बिडी ओढू नका" असं कसं म्हणणार? म्हणाली तर घरात वाद, नाही म्हणाली तर गादीत विस्तव. आम्ही अशा घरांत एक साधी गोष्ट सुचवतो. बोलू नका, डबा ठेवा. पत्र्याचा जुना डबा घ्या, त्यात अर्धा डबा ओली वाळू भरा आणि तो दाराबाहेर, सासरे बसतात तिथे ठेवा. बसायला एक पोतं टाका. माणूस जिथे सोय असते तिथे बसतो. चार-आठ दिवसांत थोटकं उंबऱ्यावर आणि खाटेखाली पडायची थांबतात आणि डब्यात पडायला लागतात.

थोटूक पायानं चिरडून विझत नाही, चपलेखाली फक्त तुटतं. भिंतीला घासून खिडकीत ठेवलेलं वाऱ्यानं पुन्हा लाल होतं. कागदाच्या आणि प्लास्टिकच्या केरात टाकलेलं तर घरातच धुमसतं. अर्धी बिडी उद्यासाठी शर्टाच्या खिशात ठेवायची सवय असेल तर तो शर्ट अंथरुणावर टाकू नका. डब्यातली वाळू ओली आहे ना, एवढं शेवटी झोपणारा पाहील. आणि जो दारू पिऊन आला आहे, त्याच्या हातात अंथरुणात बिडी असेल तर ती काढून घ्यायची. त्या रात्री तेवढा वाद झाला तरी चालेल.

चौथा थांबा : अंथरूण आणि दार

आता नाक आणि हात वापरा. वाकून अंथरुणाचा वास घ्या. जळक्या कापडाचा वास आला आणि पेटतं काही दिसत नसेल, तर तीच धुमसण्याची खूण आहे. पंजाची मागची बाजू गादीवरून, उशीखालून, पलंग आणि भिंत यांच्या फटीतून फिरवा. पंजाच्या मागच्या बाजूला ऊब लवकर कळते. एखादी जागा बाकीपेक्षा गरम लागली किंवा तिथे पिवळट-तपकिरी कडा दिसली, तर झोपू नका.

मग दार. दारासमोर सायकल, पाण्याचं पिंप, गॅसची टाकी काही आडवं नको. आतून कुलूप असेल तर किल्ली कुलपालाच किंवा ठरलेल्या खिळ्यावर, उशीखाली नाही. एक भरलेली बादली दाराजवळ. आणि खिडकीची वीतभर फट उघडी, जाळी लावून. फटीनं धोका जात नाही, पण धूर कोंडायला वेळ लागतो आणि जाग यायला संधी मिळते. फेरी संपली.

धुमसताना सापडलं तर

आधी सगळ्यांना उठवा आणि लेकरं-म्हाताऱ्यांना बाहेर काढा. मग गादी. ज्वाळा नसेल आणि खोलीत धूर थोडा असेल, तर आधी मेन स्विच बंद करा, मग त्या जागेवर आणि भोवती बादलीभर पाणी ओता, तांब्याभर नाही. भिजल्यावर गादी बाहेर मोकळ्या जागी न्या. तिथे कापड फाडून आतला कापूस उपसा, पसरा आणि पुन्हा पाणी मारा. ती गादी त्या रात्री घरात परत येणार नाही, भिंतीला टेकूनही ठेवायची नाही. सकाळी ती गार आहे का ते हात आत घालून पाहायचं.

ज्वाळा दिसत असेल किंवा धुरानं डोळे उघडत नसतील, तर गादीला हात लावू नका. पेटती गादी दारात अडकली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. खाली वाका, शक्य तर रांगत बाहेर पडा, कारण धूर आधी वर साठतो. बाहेर आल्यावर दार ओढून घ्या आणि १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा. ११२ वरही मदत मिळते. काही राहिलं म्हणून कोणी परत आत जायचं नाही. कुणाच्या कपड्यानं पेट घेतला तर त्याला पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, तूप काही नको.

धुरात झोपलेलं जे कोणी असेल, त्याचं डोकं दुखत असेल, उलटी झाली असेल, बोलणं तुटक येत असेल, तर १०८ ला फोन. बाकीचे बरे दिसत असले तरी लेकरं आणि गरोदर बाई यांना बरोबर न्या. आणि दवाखान्यातलं ते पहिलं वाक्य विसरू नका.

त्या घरातली आजी आम्हाला परवा भेटली. नातवंडं मच्छरदाणीत झोपतात, पलंगाखाली आता फक्त चपला असतात. आम्ही विचारलं, फेरी चालू आहे का? आजी म्हणाली, "लेक बाराला येतो. मी डोळे मिटून पडलेली असते, पण कान उघडे असतात. त्यानं ताट बाहेर नेल्याचा आवाज आला की मग मी झोपते."